‘डीएनडी असले तरी’: फॉर्मवरच्या एका ओळीची पार्श्वभूमी

घोडबंदर रोडवरच्या कोणत्याही नव्या गृहप्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात गेलात, की फ्लॅट दाखवण्याआधी हातात फॉर्म किंवा टॅब येतो. नाव, मोबाइल, दुसरा मोबाइल, सध्या कुठे राहता, कंपनी कुठली, बजेट किती, कर्ज लागणार का, कोणाच्या मार्फत आलात. सर्वांत खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत एक वाक्य असते. त्याचा अर्थ असा की कंपनी आणि तिचे प्रतिनिधी मला फोन, एसएमएस, व्हॉट्सअॅप करू शकतात, आणि माझा नंबर डीएनडीमध्ये, म्हणजे विक्रीचे फोन नकोत असे नोंदवलेल्यांच्या यादीत असला, तरी ही परवानगी त्याच्या वरचढ मानावी. बहुतेक माणसे ते न वाचता सही करतात. मीही केली होती.

जून २०२५ मधल्या एका शनिवारी, १४ तारखेला, मी आणि नवरा कासारवडवलीला दोन बेडरूमचे घर बघायला गेलो. बजेटच्या रकान्यात मी ८७ लाख लिहिले. त्यामागे हेतू काही नव्हता, घरी आकडेमोड केली तेव्हा तेवढेच निघाले होते. सोमवारपासून फोन सुरू झाले. गृहकर्जवाले, इंटिरियरवाले, मग मंगळवारी पनवेलकडच्या एका वेगळ्याच प्रकल्पाची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमचं ८७ चं बजेट आहे ना, आमच्याकडे त्यात तीन बेडरूम बसेल.” ८७ हा आकडा मी आयुष्यात एकाच कागदावर लिहिला होता. नंबर कुठून गेला, हे सहसा सिद्ध करता येत नाही. इथे त्या आकड्यानेच माग दाखवला. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मवर मी मुद्दाम काहीतरी वेगळे लिहिते, कधी नावातले मधले अक्षर, कधी बजेट.

ती ओळ कुठून आली हे समजायला थोडे मागे जावे लागते.

मे २००३ पर्यंत मोबाइलवर येणाऱ्या कॉलचेही पैसे ज्याला फोन आला त्याला द्यावे लागत. त्यानंतर फोन करणाऱ्याने पैसे द्यायची पद्धत आली, इनकमिंग मोफत झाले, हातोहाती मोबाइल पोचला आणि कॉलचे दरही घसरत गेले. क्रेडिट कार्ड आणि कर्ज विकणाऱ्यांना अनोळखी नंबरांची यादी घेऊन दिवसभर फोन करणे परवडू लागले. तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २००७ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने पहिले नियम केले. नॅशनल डू नॉट कॉल रजिस्ट्री सुरू झाली, नोंदणीचा १९०९ हा नंबर लोकांच्या कानावर आला. टेलिमार्केटरने आपली यादी या रजिस्ट्रीशी ताडून नोंदणी केलेले नंबर काढून टाकायचे, अशी ती योजना होती. नोंदणी लागू व्हायला ४५ दिवस लागत. मात्र ज्या संदेशामागे दोन बाजूंमधला करार आहे, तो नको असलेला संदेश धरला जाणार नव्हता. माझ्या मते त्या ओळीचे बीज याच सवलतीत आहे. ग्राहकाने स्वतः हो म्हटले आहे असे कागदावर दाखवता आले, की रजिस्ट्रीचा अडसर आपोआप बाजूला होईल, हे विकणाऱ्यांच्या लगेच लक्षात आले असणार. आजही कित्येक फॉर्मवर ‘एनडीएनसी’ असे त्या जुन्या रजिस्ट्रीचेच नाव छापलेले दिसते. मजकूर वर्षानुवर्षे एका फॉर्मवरून दुसऱ्यावर उतरवला गेला आहे.

२०१० चे नियम सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. सगळे बंद किंवा सगळे चालू, यापेक्षा बारीक निवड त्यांत मिळाली. बँक-विमा, रिअल इस्टेट, शिक्षण, आरोग्य असे सात गट झाले, दंड वाढला, नोंदणी सात दिवसांत लागू व्हायला लागली. विक्रीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठेवले, म्हणजे फोन उचलण्याआधीच कळावे. कळू लागले, आणि लोकांनी १४० उचलणे सोडले. मग विकणारे साध्या दहा आकडी सिमकार्डांकडे वळले. पुढच्या सगळ्या त्रासाचे मूळ इथे आहे. नोंदणी केलेल्या टेलिमार्केटरवर नियम चालत होते, पण ठाण्यातल्या एखाद्या गाळ्यात चार मुले चार सिम घेऊन फोन करत बसली, तर ती कोणत्याच यादीत नव्हती. डीएनडी केले तरी फोन येतात, असे लोक वैतागून म्हणतात, त्याचे कारण बहुतांशी हेच. डीएनडी यादी पाळणाऱ्याला थांबवते, यादी न बघणाऱ्याला नाही.

त्या बारीक ओळीला खरा धक्का २०१८ च्या नियमांनी दिला. परवानगी ही डीएनडीच्या वरचढ ठरू शकते हे त्यांनी मान्य केले, पण ती परवानगी मोबाइल कंपन्यांच्या डिजिटल नोंदवहीत नोंदलेली हवी आणि ग्राहकाला ती मागे घेता आली पाहिजे, असे म्हटले. जून २०२३ मध्ये ट्रायने त्याची पद्धत ठरवून दिली. परवानगी मागणारा संदेश १२७ ने सुरू होणाऱ्या कोडवरून येईल, त्यात कोण आणि कशासाठी विचारते आहे ते लिहिलेले असेल, आणि तुमचे उत्तर नोंदवहीत जाईल. सेल्स ऑफिसातल्या कागदावरची सही किंवा टॅबवरची आधीच केलेली टिक तिथे पोचत नाही.

मग फॉर्म भरताना मोबाइलवर येतो तो ओटीपी कसला, असा प्रश्न पडेल. मलाही पडला होता. घरांच्या व्यवसायात ग्राहकाला ‘लीड’ म्हणतात, आणि दलालाला ‘चॅनल पार्टनर’. एकाच ग्राहकाला तीन दलालांनी फोन केलेला असतो आणि दलाली मात्र एकालाच मिळते. म्हणून ज्याने लीड आधी ‘टॅग’ केली त्याचा हक्क, असा रिवाज आहे, आणि ग्राहक प्रत्यक्ष आला होता याचा पुरावा म्हणून त्याच्या मोबाइलवर ओटीपी पाठवतात. तो ओटीपी मुख्यतः त्यांच्या आपसातल्या हिशेबासाठी असतो. घर बघण्यासाठी आपल्याला त्याची काही गरज नसते. ‘कोणाच्या मार्फत आलात’ हा रकानाही त्याचसाठी. जी लीड आपल्या प्रकल्पात ‘पिकली’ नाही, ती दुसऱ्या प्रकल्पासाठी वापरायचा मोह दलालाला होतो. माझे ८७ लाख अशाच वाटेने पनवेलला पोचले असावेत.

मी त्या मंगळवारीच १९०९ वर एसएमएसने तक्रार केली. मजकुराचा क्रम ठरलेला आहे: फोन कशाबद्दल होता, कोणत्या नंबरवरून आला, आणि तारीख.

```
Flat sale call, 98XXXXXXXX, 17/06/25
```

तक्रार क्रमांक आला. इथे तारीख चुकली तर तक्रार फेटाळली जाते, म्हणून कॉल लॉग उघडून बघूनच लिहावे. पूर्वी तीन दिवसांत तक्रार करावी लागे. फेब्रुवारी २०२५ मधल्या दुरुस्तीने ती मुदत सात दिवस झाली. नोंदणी नसलेल्या नंबरविरुद्ध तक्रार करायला स्वतः डीएनडीत असण्याचीही अट आता नाही, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. कारवाई मात्र एका तक्रारीवर होत नाही. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या, की नोंदणी नसलेल्याविरुद्ध पावले उचलली जातात: पहिल्यांदा आउटगोइंग पंधरा दिवस बंद, पुन्हा केले तर सगळी कनेक्शन एक वर्ष तोडणे. आधी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. म्हणून मी सोसायटीच्या ग्रुपवर तो नंबर टाकला आणि ज्यांना तिथूनच फोन आले होते त्यांना आपापल्या फोनवरून तक्रार करायला सांगितले. चौघांनी केली. दुसऱ्याच्या वतीने केलेली तक्रार धरत नाहीत, प्रत्येकाच्या सिमवरूनच जावी लागते. तो नंबर नंतर लागेनासा झाला. पण व्हॉट्सअॅपवरचे संदेश चालूच राहिले, कारण ते ट्रायच्या या नियमांत येत नाहीत.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. चालू व्यवहार पूर्ण करण्यासाठी दिलेली परवानगी सातच दिवस टिकते. म्हणजे १४ जूनला फ्लॅट बघितला म्हणून दिवाळीत ‘फेस्टिव्ह ऑफर’ सांगायला फोन करायचा, तर ती जुनी सही कामाची नाही.

हे सगळे झाले फोनबद्दल. फॉर्मवर लिहिलेल्या माहितीचे काय, याला इतकी वर्षे वेगळा कायदाच नव्हता. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये सांगितले, आणि व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. कागदावर लिहिलेली माहिती नंतर संगणकात चढवली तर तीही त्यात येते. या कायद्याच्या मजकुरातच उदाहरणे दिलेली आहेत आणि त्यांतले एक अगदी आपल्या विषयाचे आहे. भाड्याचे घर शोधायला मदत करा म्हणून एका बाईने दलालाला आपली माहिती दिली. ती माहिती वापरून दलाल तिला घरे सुचवू शकतो. पण आता मदत नको असे तिने कळवले, की त्याने ती माहिती वापरणे थांबवायचे. दुसरे उदाहरण अॅपचे. घरबसल्या डॉक्टरी सल्ला देणाऱ्या अॅपने उपचारासाठी माहिती मागितली आणि फोनमधले कॉन्टॅक्टही मागितले. दोन्हीला हो म्हटले असले, तरी सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट लागत नाहीत, म्हणून कॉन्टॅक्टपुरती ती संमती धरायची नाही. शिवाय संमतीची सूचना मराठीत वाचायला मिळण्याची सोय ठेवणे बंधनकारक आहे. घोडबंदरवरची ती इंग्रजी ओळ या कसोटीवर कितपत टिकेल, हे वाचणाऱ्याने ताडावे.

अडचण अशी, की या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य बंधने लागू व्हायला त्यांनी दीड वर्षाची मुदत दिली, म्हणजे मे २०२७. तोवर कायदा पुस्तकात आहे, पण त्याच्या बळावर दाद मागता येत नाही.

तरी मी कासारवडवलीच्या त्या बिल्डरला ईमेल केला होता. भेटीची तारीख, प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, माझा नंबर, आणि ‘माझी परवानगी मी मागे घेते आहे, माझी माहिती ज्यांना दिली त्यांना कळवा’ असे दोन ओळींत. चार दिवसांत उत्तर आले आणि त्यांचे फोन थांबले. कर्जवाल्यांचे थांबले नाहीत. एकदा दुसऱ्याच्या एक्सेलमध्ये गेलेला नंबर पहिल्याने पुसून परत येत नाही.

दसऱ्याच्या आसपास माजिवड्याला दुसरा प्रकल्प बघितला. फॉर्म कागदी होता. ती ओळ मी पेनाने खोडली, शेजारी ‘फक्त या प्रकल्पासाठी’ लिहिले, सही करून फोटो काढला, कंपनी आणि दुसऱ्या मोबाइलचा रकाना रिकामा ठेवला. ओटीपी मागितला तेव्हा तो कशासाठी ते विचारले. काउंटरवरच्या मुलाने खरे ते सांगितले, “मॅडम, ब्रोकरसाठी.” आम्ही थेट आलो होतो, कोणा ब्रोकरमार्फत नाही. त्याने मान हलवली आणि आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला वर नेले.