मूळव्याध की फिशर? ड्रायव्हर आणि मशीन ऑपरेटर मंडळींसाठी

आजचा विषय मूळव्याध टाळायची कशी हा आहे, पण मी जरा उलटीकडून सुरू करतो. "डॉक्टर, पाइल्सचा त्रास आहे हो, बसवत नाही" असं म्हणत तुमच्यातले जे माझ्याकडे येतात ना, त्यातल्या बऱ्याच जणांना पाइल्स नसतंच, त्यांना फिशर असतं. दोन्हीची जागा एक, दोन्हीत रक्त, दोन्हीत लाज, म्हणून आपण सगळ्यालाच मूळव्याध म्हणून मोकळे होतो आणि मग कुणाच्या तरी सांगण्यावरून मूळव्याधीचं मलम आणून महिनोन्महिने लावत बसतो. हसू नका, मागच्या रांगेत दोनचार जण आत्ताच एकमेकांकडे बघतायत.

आधी मूळव्याध म्हणजे काय ते बघू. गुदद्वाराच्या आत रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या असतात, त्या तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या असतात, जन्मापासून. वारा, पातळ काही नकळत सुटू नये म्हणून दार नीट बंद ठेवायला त्या मदत करतात. कुंथून कुंथून, तासन्तास जोर लावून या गाद्या फुगतात आणि खाली सरकतात, मग त्याला आपण मोड आले म्हणतो. आता महत्त्वाचं ऐका, आतल्या भागात दुखण्याची जाणीव देणाऱ्या नसा जवळपास नाहीतच. त्यामुळे आतली मूळव्याध सहसा दुखत नाही. संडास झाल्यावर लालभडक रक्त टपटप पडतं, कधी पिचकारी उडाल्यासारखं, भांडं लाल होतं, माणूस घाबरून बाहेर येतो, पण विचारलं की दुखतं का, तर म्हणतो नाही हो अजिबात. पुढे मोड बाहेर यायला लागतो, आधी आपोआप आत जातो, नंतर बोटाने ढकलावा लागतो, आणि शेवटी ढकलूनही जात नाही.

फिशरचं बरोब्बर उलट. तिथे गाद्यांचा काही संबंध नाही, दाराच्या कडेची कातडी फाटलेली असते, टाचेला भेग पडते ना तशी, आणि दर वेळी संडासला बसलं की ती भेग परत उघडते. ही कातडी बाहेरची, तिला भरपूर नसा, म्हणून चिरल्यासारखं दुखतं आणि संडास होऊन गेल्यावरही आग अर्धा तास, तास, काहींना दोन-तीन तास राहते. रक्त थोडं, कागदावर किंवा मळावर एक रेघ, बास. भेग बहुतेक वेळा मागच्या बाजूला, माकडहाडाच्या दिशेला बरोब्बर मध्यावर असते.

मग फिशर लवकर भरत का नाही? तर दुखलं की आतला स्नायू आखडतो. आखडला की त्या जागेला रक्त कमी पोचतं, रक्त कमी म्हणजे जखम भरायची नाही. शिवाय दुखतं म्हणून माणूस संडासला जायचंच टाळतो, मळ आत राहून सुकतो, अजून कडक होतो, आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा परत फाटते. भेग सहा-आठ आठवड्यांच्या पुढे गेली की तिच्या बाहेरच्या टोकाला कातडीचा एक छोटा गाठीसारखा कोंब तयार होतो. हा कोंब हाताला लागतो आणि इथेच सगळी गफलत होते, माणूस म्हणतो मोड आला, मूळव्याध झाली. मोड नाही तो, जुन्या फिशरची खूण आहे.

दोन माणसं डोळ्यासमोर आणा. पहिला लांब पल्ल्याचा ड्रायव्हर. मधे गाडी थांबवायला सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी घोट-घोट पितो, कळ येते तेव्हा ट्रॅफिकमध्ये असतो, दाबून धरतो. कळ दाबली की थोड्या वेळाने ती निघून जाते, पण मळ तिथेच असतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. दुसऱ्या दिवशी मुक्कामाला पोचून बसतो तेव्हा खडा झालेला असतो, तो फाडतच बाहेर येतो. यात वाट्याला येतं फिशर. पुढचे चार दिवस सीटवर एका कुल्ल्यावर बसून गाडी चालवणारा ड्रायव्हर तुम्ही पाहिलाच असेल.

दुसरा प्रेस मशीनवरचा ऑपरेटर. खरं तर याला खडा वगैरे काही होत नाही, मळ ठीक आहे. पण टॉयलेट ही त्याची एकच जागा जिथे सुपरवायझर येत नाही, म्हणून मोबाईल घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसतो. कमोडवर बसल्यावर बुडाखाली आधार नसतो, त्या गाद्या तेवढा वेळ खाली लोंबकळत राहतात आणि रक्त साठतं, त्यात अधूनमधून "अजून थोडं राहिलंय" म्हणून कुंथणं. वर दिवसभर जड डाय उचलताना श्वास रोखून जोर लावायचा. याला काही महिन्यांनी रक्त टपकायला लागतं, दुखत काही नाही, म्हणून तो कुणाला सांगतही नाही. ही मूळव्याध.

म्हणजे टाळायचं काय, तर दोघांचं वेगवेगळं आहे. ड्रायव्हरने मळ कडक होऊ द्यायचा नाही आणि ऑपरेटरने वेळ आणि जोर कमी करायचा. सीट गरम होते म्हणून मूळव्याध होते असं बरेच जण म्हणतात, मला ते फारसं पटत नाही, सीटवरून उठता येत नाही म्हणून कळ दाबावी लागते आणि पाणी टाळावं लागतं, घोटाळा तिथे आहे.

मळ मऊ ठेवायला दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम चोथा लागतो, तो पालेभाज्या, फळं, डाळी, कोंडा न काढलेलं धान्य यातून मिळतो. एकदम वाढवलात तर पोट फुगेल, गॅस होतील आणि तुम्ही म्हणाल डॉक्टरने फसवलं, म्हणून आठवडा-दोन आठवड्यात हळूहळू वाढवा. इसबगोल घेणार असाल तर एक चमचा, पण पूर्ण ग्लासभर पाण्यात आणि वर अजून एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत अडकून बसतं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि इसबगोल यात दोन तास अंतर ठेवा. पाणी पुरतं की नाही हे बाटली मोजण्यापेक्षा लघवीचा रंग बघून ठरवा, फिकट पिवळी म्हणजे ठीक, गडद म्हणजे कमी पडतंय. ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, हार्टचे किंवा किडनीचे पेशंट, त्यांनी मात्र त्यांचंच ऐका.

वेळेचं असं आहे की जेवल्यावर आतडं आपोआप हलतं, झोपून उठल्यावर पण. ड्युटीला निघायच्या आधी उठून काहीतरी गरम पिऊन किंवा खाऊन वीस-तीस मिनिटांनी बसायची सवय लावा. नाइट शिफ्टवाल्यांनी सकाळी घरी पोचल्यावर जबरदस्ती करू नये, झोपून उठाल ती तुमची सकाळ. बसलात की पाच मिनिटं, मोबाईल बाहेर. नाही झालं तर उठा, नंतर परत कळ आली की जा. कमोडवर बसताना पायाखाली छोटा स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर आले की रस्ता सरळ होतो आणि जोर कमी लागतो. जड उचलताना श्वास सोडत उचला. आणि हो, अंगदुखीला कोडीन किंवा ट्रॅमाडॉलवाल्या गोळ्या घेणाऱ्यांना बऱ्याचदा बद्धकोष्ठ होतं, गोळी घेतली आणि दोन दिवस झालं नाही तर कारण तेच असू शकतं, आम्हाला सांगा.

आता त्रास सुरू झालाच असेल तर. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसणं दोन्हीत चालतं, दिवसातून दोन-तीनदा, विशेषतः संडास झाल्यावर, फिशरवाल्यांना त्याने आखडलेला स्नायू सैल होऊन चांगला आराम पडतो. मलमं मात्र वेगळी. मूळव्याधीच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, ते डॉक्टरला न विचारता आठवडाभराच्या पुढे लावत राहिलात तर कातडी पातळ होते, म्हणजे फिशरवाल्याने ते लावत राहणं म्हणजे आधीच फाटलेली जागा अजून नाजूक करणं. फिशरला स्नायू सैल करणारं मलम लागतं, डिल्टियाझेमचं किंवा नायट्रोग्लिसरीनचं, आणि ते सहसा सहा ते आठ आठवडे चालू ठेवावं लागतं, दुखायचं थांबलं म्हणून चौथ्या दिवशी बंद करायचं नाही. नायट्रोग्लिसरीनवाल्याने काहींचं डोकं जाम दुखतं, चक्कर येते, म्हणून ड्रायव्हर आणि क्रेनवाल्यांनी लिहून घेतानाच सांगायचं की मी गाडी चालवतो. ताकदीच्या गोळ्या, सिल्डेनाफिल वगैरे घेत असाल तर हे मलम अजिबात नाही, बीपी धाडकन खाली येतं.

एक अपवाद सांगून ठेवतो नाहीतर तुम्ही मला पकडाल. कधी कधी मूळव्याधही भयानक दुखते, बाहेरच्या बाजूच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तर. अचानक, बऱ्याचदा एखादं जड उचलल्यावर किंवा जोरात कुंथल्यावर, निळसर-जांभळी टणक गाठ येते आणि ठणका लागतो. फरक असा की हिचं दुखणं संडासच्या वेळेपुरतं नसतं, दिवसभर असतं, आणि हात लावला की गाठ लगेच कळते. पहिल्या दोन-तीन दिवसांत आलात तर छोटा कट देऊन गुठळी काढता येते, त्याच्या पुढे ती हळूहळू आपोआपच बसायला लागते.

आणि या दोन्हीत न बसणाऱ्या गोष्टी असतात. मळ डांबरासारखा काळा, रक्त मळात मिसळलेलं आणि गडद, महिनाभर पोटाची सवयच बदललेली, वजन उतरतंय, थकवा येतोय, हे असेल तर मूळव्याध समजून घरी बसू नका, विशेषतः वय 45 च्या पुढे असेल तर. ताप आणि सतत ठणका असेल तर तिथे पू झालेला असू शकतो, त्याला त्याच दिवशी दाखवायचं. लोहाच्या गोळ्यांनी पण मळ काळा होतो, त्या चालू असतील तर तेही सांगा.

शेवटी तुम्ही दाखवायला का येत नाही ते मला माहीत आहे, बोट घालतील याची भीती. फिशर आहे असं वाटलं तर आम्ही पहिल्या भेटीत बोट घालतच नाही, तुम्हीच सहन करू शकणार नाही. एका कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी, कुल्ले हलकेच बाजूला केले की भेग बाहेरूनच दिसते, दोन मिनिटांचं काम. दुखत नसलेलं रक्त असेल तर मात्र आतून बघावं लागतं, छोट्या नळीने, आणि त्याला जेल लावतात. दोन्हीतलं काय आहे हे त्याच दिवशी कळतं.