सीएसी आणि एलटीव्ही (छोटा सबस्क्रिप्शन धंदा)

एक नवा ग्राहक जोडायला जो खर्च येतो तो सीएसी, आणि तो ग्राहक सोडून जाईपर्यंत आपल्या हातात जे पैसे सुटतात ते एलटीव्ही. एलटीव्ही सीएसीच्या तिप्पट असला की धंदा बरा असं सगळीकडे सांगतात, पण हा नियम आला सॉफ्टवेअरवाल्यांकडून, त्यांना पुढचा ग्राहक सांभाळायला जवळपास काहीच लागत नाही. डबा पाठवणाऱ्याला मात्र दर महिन्याला माल भरायचाय, कुरिअर द्यायचंय.

समजा सांगलीत विश्रामबागला एकाने घरूनच भडंग, चटणी, बेदाणे असा महिन्याचा डबा सुरू केला, पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेल्या इकडच्या लोकांसाठी, ४०० रुपये महिना. माल १६५, खोका-टेप १५, कुरिअर ७०, पेमेंट गेटवेचे साधारण १०, म्हणजे सुटतात १४०. एलटीव्ही काढायचा तो या १४० वर, ४०० वर नाही. निम्मे लोक इथंच गंडतात.

आता खर्च. जूनमध्ये इन्स्टाग्रामवर १२,००० ची जाहिरात केली, ६० नवीन ग्राहक आले, मालक खूश, २०० रुपयात एक. पण जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १४,१६०, आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल किंवा नोंदणीच नसेल तर तो परत मिळत नाही. पहिला डबा अर्ध्या किमतीत दिला, ६० जणांचे २०० प्रमाणे १२,००० गेले. व्हॉट्सॲपवर "ताई, तिखट किती असतंय?" याला दिवसभर उत्तरं देणाऱ्या मुलीचे ६,०००. बेरीज ३२,१६०, भागिले ६०, म्हणजे ५३६ रुपये. (सूट एकदा इथं धरली की पहिल्या महिन्याच्या फायद्यातून परत वजा करायची नाही.) त्यातही ६० पैकी २० जण पाव्हण्यारावळ्यांनी सांगून आलेले निघाले तर जाहिरात पडली फक्त ४० जणांवर, आणि जाहिरातीतून आलेला एकेक ग्राहक ६५४ ला पडला. उद्या जाहिरात वाढवायची का हे ठरवताना हाच आकडा बघायचा, कारण पैसे दुप्पट टाकले म्हणून पाव्हणे दुप्पट होत नाहीत.

एलटीव्हीची खरी गोम गळतीत आहे. दुकानात एकूण ३०० ग्राहक, महिन्यात २४ गेले, गळती ८ टक्के, १ भागिले ०.०८ म्हणजे ग्राहक सरासरी साडेबारा महिने टिकतो, गुणिले १४० म्हणजे १,७५०. भागिले ५३६, सव्वातीन पट, झकास! पण या ३०० त जुने मुरलेले लोक जास्त आहेत, ते हलत नाहीत, आणि त्यांच्यामुळं सरासरी गोड दिसते. म्हणून जूनच्या ६० जणांची वेगळी वही करायची आणि दर महिन्याला किती डबे गेले तेवढंच लिहायचं. जून ६०, जुलै ३६, ऑगस्ट ३०, सप्टेंबर २७, ऑक्टोबर २५, नोव्हेंबर २४. अर्ध्या किमतीचा डबा खाऊन २४ जण लगेच पसार! सहा महिन्यांत २०२ डबे, म्हणजे माणशी ४७१ रुपये सुटले, खर्च ५३६. अजून वसूल नाही. डिसेंबरात २३ आणि जानेवारीत २२ गेले तर आठव्या महिन्यात कुठं पैसे निघतात, आणि तोवर ते ३२,००० कुणाच्या खिशातून फिरवायचे हा छोट्या माणसाचा खरा प्रश्न असतो, त्याला सव्वातीन पट ऐकून कुरिअरवाला थांबत नाही. म्हणून तिपटीच्या आधी वसुलीचे महिने बघावेत, आणि एलटीव्ही मोजायचाच तर १२ महिन्यांवर कापावा, कारण ज्याचा धंदाच दीड वर्षाचा आहे त्याने ग्राहक पाच वर्षं टिकेल म्हणणं म्हणजे बाजारात तुरी.

गेलेले सगळे रागावून गेलेले नसतात हेही बघावं. यूपीआय ऑटोपे असेल तर पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज जातो, तो बघून काही जण तिथंच बंद करतात, ती खरी गळती. पण खात्यात पैसे नव्हते म्हणून फेल झालेलं पेमेंट वेगळं लिहायचं, पगार झाल्यावर परत प्रयत्न केला, नाहीतर एक फोन केला, तर त्यातले बरेच परत येतात, आणि तो फोन नवीन ग्राहकाच्या ६५४ पेक्षा कितीतरी स्वस्त. तसंच दिवाळीत भेट म्हणून एकच डबा घेणारे वेगळ्या वहीत टाकायचे, नाहीतर ऑक्टोबरात सीएसी एकदम खाली येतो आणि नोव्हेंबरात गळती भडकते, दोन्ही खोटं.

६० जणांच्या हिशोबात दोन माणसं इकडची तिकडं झाली तरी टक्के हलतात. त्यामुळं एका महिन्यावरून जाहिरात बंद किंवा दुप्पट करू नये, तीन महिन्यांच्या वह्या शेजारी ठेवून दुसऱ्या डब्याला किती जण राहिले तेवढी एक ओळ ताडून बघावी. वर ती ६० ला ३६ होती, हीच ४५ वर गेली की वसुली बरीच अलीकडं येते, जाहिरातीचा एक रुपया कमी न करता.