ग्रे कार्ड आणि पोर्ट्रेटमधला व्हाइट बॅलन्स

ग्रे कार्ड म्हणजे करड्या रंगाचे असे कार्ड, की ते लाल, हिरवा आणि निळा प्रकाश सारख्याच प्रमाणात परत फेकते. ज्या प्रकाशात चेहऱ्याचा फोटो काढायचा, त्याच प्रकाशात कार्डाचाही एक फोटो घेतात. त्यात कार्डावर जो रंग दिसतो तो कार्डाचा नसून प्रकाशाचा असतो. तेवढाच रंग सगळ्या फोटोंतून वजा केला, की व्हाइट बॅलन्स तटस्थ होतो. बाजारातली बरीच कार्डे १८ टक्के प्रकाश परत फेकणारी असतात. तो आकडा एक्स्पोजर मोजण्यासाठी आहे. व्हाइट बॅलन्ससाठी कार्ड किती गडद आहे याला फारसे महत्त्व नाही, ते खरोखर तटस्थ असले पाहिजे. घरच्या प्रिंटरवर छापलेली करडी पट्टी डोळ्याला करडी वाटली तरी तशी असेलच असे नाही.

या पद्धतीची खरी कसोटी हळदीच्या फोटोंत लागते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि इथल्या लग्नघरांत हळदीचा सकाळचा कार्यक्रम बहुधा अंगणात मांडवाखाली होतो. नवरीची साडी पिवळी, चेहऱ्याला हळद, वर मांडवाचे कापड पिवळे. इथे दोन पिवळे रंग एकमेकांत मिसळतात. एक हळदीचा, तो फोटोत राहायला हवा. दुसरा कापडातून गाळून आलेल्या उन्हाचा, तो जायला हवा. कॅमेऱ्याच्या AWB ला, म्हणजे आपोआप बसणाऱ्या व्हाइट बॅलन्सला, हा फरक कळण्याचा मार्ग नसतो. समोरचे दृश्य सरासरीने तटस्थ असावे अशा अंदाजावर ते चालते. त्यामुळे चौकट पिवळी दिसली की निळा वाढवते, हळद फिकी पडते आणि हळद न लागलेली कातडी राखेसारखी दिसते. शिवाय जवळून काढलेल्या फोटोत साडी जास्त येते, लांबून काढलेल्यात पाहुणे जास्त येतात, म्हणून एकाच मिनिटातल्या दोन फोटोंत नवरीचा रंग वेगळा येतो. कार्डावर हळद नसते. त्यामुळे ते फक्त प्रकाशाबद्दलच सांगते.

हिशेब सोपा आहे. समजा, रॉ फाइलच्या सरळ प्रमाणातल्या मोजणीत कार्डावर लाल २२, हिरवा १८ आणि निळा १२ आला. हिरवा कायम ठेवून बाकीचे दोन त्याच्या बरोबरीला आणायचे, म्हणजे लालला १८ भागिले २२, सुमारे ०.८२ ने गुणायचे आणि निळ्याला १.५ ने. आता गजऱ्यातले पांढरे फूल पाहा. त्यावर ६६, ५४, ३६ असे आकडे असतील तर गुणल्यावर तिन्ही ५४ च्या आसपास येतात आणि फूल पांढरे दिसते. हळद लावलेल्या कपाळावर ४४, २६, ४ असतील तर ३६, २६, ६ होतात. कपाळ पिवळेच राहिले, मांडवाचा पिवळा तेवढा गेला. सॉफ्टवेअरमध्ये ड्रॉपरने कार्डावर क्लिक केले की हेच गुणक लावले जातात.

कार्ड धरण्यात बहुतेकांचे चुकते. ते नवरीच्या गालाजवळ, चेहऱ्याच्याच उंचीवर असावे आणि चेहऱ्यावर प्रकाश ज्या बाजूने येतो त्या बाजूला वळलेले असावे. करवलीच्या हाती दिले तर ती हमखास ते छातीशी, खाली कलते धरते. मग कार्डावर साडीचा परावर्तित पिवळा पडतो, दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते आणि चेहरा निळसर येतो. चमक असलेले कार्ड थोडे तिरके करावे लागते, नाहीतर त्यावर आकाशाची झाक दिसते. बोटांना हळद लागलेली असेल तर कार्ड कडेने धरायला सांगावे. पिवळे डाग पडलेले कार्ड टाकूनच द्यावे लागते.

फक्त जेपीईजी काढणाऱ्याने रंग कॅमेऱ्यातच बसवून घ्यावा. कॅननमध्ये चौकटीचा मधला भाग कार्डाने भरून एक फोटो घेतात, मेन्यूतल्या Custom White Balance मध्ये तो निवडतात आणि मग व्हाइट बॅलन्स कस्टमवर ठेवतात. ही शेवटची पायरी विसरली की आधीचे सगळे वाया जाते. निकॉनमध्ये PRE निवडून अक्षरे लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरतात आणि कार्डावर शटर दाबतात. बऱ्याच मॉडेलांत जमले तर Gd, नाही जमले तर no Gd दिसते. रॉ काढणाऱ्याला कार्डाचा एक फोटो पुरतो. मात्र ऊन चढले, ढग आला किंवा नवरी मांडवाच्या कडेला सरकली, की कार्ड पुन्हा धरावे.

कार्ड नसले की पांढरी वस्तू शोधली जाते, आणि तिथे नीळ दिलेली गांधी टोपी किंवा धोतर सगळ्यात आधी हाताशी येते. नेमके तेच घेऊ नये. नीळ कपड्यावरचा पिवळेपणा झाकते आणि त्याला निळसर छटा देते. बऱ्याच साबणपावडरींत तर उन्हातली अतिनील किरणे शोषून निळा प्रकाश टाकणारी द्रव्ये असतात. वरच्याच मांडवात अशी टोपी समजा ६२, ५२, ४० दाखवते. तिच्यावर क्लिक केले तर निळ्याचा गुणक १.५ ऐवजी १.३ येतो आणि कार्डावरचा निळा १८ च्या जागी साडेपंधरावरच थांबतो. म्हणजे टोपी फोटोत शुभ्र दिसते आणि नवरीच्या चेहऱ्यावर मांडवाचा पिवळा थोडा उरतो. झेरॉक्सच्या कागदाचेही हेच होते. वस्तू तपासायची असेल तर दुकानात नोटा बघायच्या जांभळ्या दिव्याखाली धरावी. निळी चमकली तर ती कामाची नाही. नीळ मात्र या दिव्यात दिसेलच असे नाही, ती घरच्यांनाच विचारावी. त्यापेक्षा नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप बरी: तिचे काही थर पुठ्ठ्यावर एकावर एक घट्ट गुंडाळले की जवळजवळ तटस्थ पांढरा पृष्ठभाग मिळतो.

पांढऱ्याची आणखी एक अडचण आहे. ते लवकर जळते. मांडवाच्या प्रकाशात लाल सगळ्यात जास्त, म्हणून लाल आधी कमाल मर्यादेला टेकतो आणि खऱ्यापेक्षा कमी नोंदला जातो. मग त्याची कपातही कमी होते आणि चेहरे लालसर येतात. म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून पाहावे आणि पांढऱ्या वस्तूचा फोटो एक-दीड स्टॉप कमी एक्स्पोजर ठेवून घ्यावा. करड्या कार्डाला हा त्रास सहसा होत नाही.

पूर्ण तटस्थ रंग हळदीच्या फोटोंत काहींना कोरडा वाटतो, आणि त्यात तथ्य आहे. आधी कार्डाने तटस्थ करून मग Temp दोन-तीनशे केल्विनने वाढवावे, आणि सगळ्या फोटोंना तेवढेच वाढवावे.

नवरीच्या एका गालावर मांडवाचा उजेड आणि दुसऱ्यावर ओसरीतल्या एलईडीचा, असे असेल तर एका कार्डाने भागत नाही. ज्या बाजूला कार्ड धरले ती बाजू सुधारते आणि दुसरी तितकीच बिघडते. ओसरीतला दिवा बंद करायला सांगावे. ते शक्य नसेल तर नवरीचा पाट अंगणात दोन पावले पुढे घ्यावा आणि मग कार्ड धरावे.