बॅकअप वेगळा, बिऱ्हाड हलवणं वेगळं: अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना व्हॉट्सॲपच्या चॅटचं काय होतं

"बॅकअप घेतलाय ना? मग जुना फोन फॉर्मॅट करा आणि देऊन टाका." आत्याला एका मोबाइलच्या दुकानात हे सांगितलं गेलं. तिच्या मुलाने तिच्यासाठी आयफोन आणला होता आणि जुना अँड्रॉइड फोन बदल्यात द्यायचं चाललं होतं. द्यायच्या आधी तिने मला फोन केला. "अरे, यांचे मेसेज जातील का रे त्यात?" एवढंच विचारलं. काकांना जाऊन तीन वर्षं झाली आहेत. व्हॉट्सॲपवर त्यांचे आवाजातले मेसेज आहेत, बहुतेक बाजारातून केलेले. एकात ते म्हणतात, "कोथिंबीर नाही मिळाली, मेथी आणू का?" अकरा सेकंदांचा मेसेज आहे. मागे भाजीवाल्याचा आवाज येतो.

मी तिला म्हटलं, फोन कुणाकडेही देऊ नकोस, मी शनिवारी येतो.

बॅकअप आणि ट्रान्सफर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना आपण दोन्हींना "चॅट नवीन फोनवर घेणं" म्हणतो. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना हा फरक कळून येत नाही, कारण तिथे बॅकअप खरोखरच पुरतो. नवा फोन, तेच गूगल खातं, तोच नंबर, की Restore विचारलं जातं आणि सगळं परत येतं. आयफोनवरून आयफोनवर जातानाही तसंच. आतापर्यंत दर वेळी चाललेली ही सवय दोन जातींच्या फोनच्या मधोमध मोडते.

अँड्रॉइडवरचं व्हॉट्सॲप आपला बॅकअप गूगल खात्यात ठेवतं, आयफोनवरचं आयक्लाउडमध्ये. आयफोनवर व्हॉट्सॲप नव्याने टाकलं की ते बॅकअप शोधतं ते फक्त आयक्लाउडमध्ये. गूगल खात्यात कितीही मोठा बॅकअप पडलेला असला, तरी तिकडे ते बघतही नाही. बरं, तो बॅकअप हाताने उतरवून आयफोनवर टाकू म्हटलं तर तेही नाही. अँड्रॉइड फोनमध्येच रोज रात्री एक स्थानिक बॅकअप पडत असतो. फाइल मॅनेजरमध्ये पाहिलं तर तो या ठिकाणी दिसतो:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases/msgstore.db.crypt15
```

ही फाइल कुलूपबंद असते आणि ती उघडण्याची सोय फक्त अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमध्ये आहे. आयफोनवर तेच मेसेज `ChatStorage.sqlite` नावाच्या डेटाबेसमध्ये राहतात आणि त्याची आतली मांडणी निराळी असते. म्हणजे जागा वेगळी, कुलूप वेगळं आणि कपाटातले कप्पेही वेगळे. एका बाजूचा बॅकअप दुसऱ्या बाजूला लागत नाही तो यामुळे. बॅकअप बिघडलेला नसतो, तो फक्त परक्या घरात उघडत नाही.

ट्रान्सफर म्हणजे बिऱ्हाड हलवणं. त्यात दोन्ही फोन एकाच वेळी चालू, शेजारी शेजारी आणि एकमेकांना जोडलेले लागतात. जुन्या फोनवरचं व्हॉट्सॲप स्वतः सामान बांधतं, म्हणजे मेसेज आयफोनला वाचता येतील अशा रूपात तयार करतं, आणि नव्या फोनवरचं व्हॉट्सॲप ते उतरवून घेतं. जुना फोन फॉर्मॅट झाला की बांधणारंच कुणी उरत नाही. दुकानातला तो सल्ला दोन सारखे फोन असते तर ठीक होता. इथे मात्र काकांचा आवाज गूगलच्या एका बंद पेटीत पडून राहिला असता. तीही कायमची नव्हे, कारण पाच महिन्यांहून जास्त काळ ताजा न झालेला व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यातून आपोआप काढला जाऊ शकतो.

ही सोय तशी अलीकडची आहे. आयफोनवरून अँड्रॉइडकडे जाण्याची वाट 2021 मध्ये उघडली, आधी सॅमसंगसाठी आणि मग पिक्सेल व अँड्रॉइड 12 च्या फोनसाठी. उलट दिशा, म्हणजे आत्याची, 2022 च्या मध्यात आली. ती ॲपलच्या Move to iOS या ॲपमधून जाते. हे ॲप जुन्या अँड्रॉइड फोनवर टाकायचं असतं. अँड्रॉइड 5 किंवा पुढचं आणि आयफोनवर आयओएस 15.5 किंवा पुढचं लागतं, नंबर दोन्हीकडे तोच हवा आणि दोन्ही फोन चार्जरला लावलेले हवेत.

पहिली अडचण बहुतेकांना येते ती मलाही आली. मुलाने कौतुकाने आयफोन आधीच सुरू करून, वॉलपेपर लावून, फोटो टाकून दिला होता. Move to iOS चा पर्याय आयफोन पहिल्यांदा सुरू होतानाच, ॲप आणि डेटा आणण्याच्या पानावर From Android म्हणून येतो. ते पान मागे पडलं की सेटिंग्जमध्ये शोधून उपयोग नाही, Erase All Content and Settings करून फोन पुन्हा कोरा करावा लागतो. आत्याच्या फोनवर चार दिवसांचेच फोटो होते, ते बाजूला काढले आणि कोरा केला. कुणी महिनाभर आयफोन वापरून मग जुने चॅट आणायला निघालं, तर त्या महिन्याचे मेसेज आणि जुने मेसेज एकत्र सांधता येत नाहीत. दोन इतिहासांची शिवण घालण्याची सोय यात नाही. म्हणून हे काम पहिल्याच दिवशी करायचं.

आयफोनवर From Android निवडल्यावर एक कोड येतो, तो अँड्रॉइडवर घालायचा. मग आयफोन स्वतःचं तात्पुरतं वायफाय तयार करतो आणि अँड्रॉइड त्याला जोडला जातो. पुढे काय काय न्यायचं याची यादी येते. तिथे WhatsApp वर टिचकी मारून START दाबायचं. व्हॉट्सॲप सामान बांधायला लागतं आणि बांधून झालं की अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपमधून आपण बाहेर पडतो. लोक इथे घाबरतात. पण हीच काम नीट चालल्याची खूण आहे. मग NEXT दाबून Move to iOS मध्ये परत यायचं आणि CONTINUE करायचं.

आमचा पहिला प्रयत्न यानंतर अर्ध्यात तुटला. आयफोनच्या त्या तात्पुरत्या वायफायवर इंटरनेट नसतं. काही अँड्रॉइड फोन हे पाहून "या नेटवर्कवर इंटरनेट नाही" असं म्हणतात आणि गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतात. जोडणी गेली की सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी मोबाइल डेटा बंद केला, नेटवर्क आपोआप बदलण्याचा पर्याय बंद केला आणि आत्याला सांगितलं की Move to iOS पडद्यावरून हलवायचं नाही, आलेला फोनसुद्धा घ्यायचा नाही. नऊ जीबीच्या चॅटला दीड तास लागला. शेवटी अँड्रॉइड "झालं" म्हणतो तेव्हाही थांबायचं. आयफोनवरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत दोन्ही फोनना हात लावायचा नाही.

इथवर सामान फक्त दारात आलेलं असतं, आयफोनवर ते व्हॉट्सॲपमध्ये उतरवायचं बाकी असतं. ॲप स्टोअरमधून व्हॉट्सॲप टाकायचं, तोच नंबर घालायचा, आणि मग चॅट आणण्याबद्दलचा पडदा येतो तिथे Start दाबायचं. हा पडदा दिसलाच नाही आणि थेट नाव विचारलं, तर सामान आलेलं नाही असं समजायचं. अशा वेळी घाई करायची नाही. अँड्रॉइडवर त्याच नंबरने पुन्हा आत गेलं की सगळे मेसेज जागेवर सापडतात, कारण ट्रान्सफर जुन्या फोनवरून काही पुसत नाही. तो फॉर्मॅट करायचा नाही याचं दुसरं कारण हे.

आता जे येत नाही त्याबद्दल. व्हॉट्सॲपवरच्या कॉलची यादी येत नाही. कुणाचा कॉल कधी आला होता हे हवं असेल तर जुन्या फोनवर स्क्रीनशॉट काढून ठेवा. आपलं दिसणारं नाव पुन्हा लिहावं लागतं. संगणकावर जोडलेलं व्हॉट्सॲप पुन्हा जोडावं लागतं. यूपीआय तर व्हॉट्सॲपचं असो वा इतर कुठलं, नव्या फोनवर नव्यानेच बसवायचं.

सगळ्यात जास्त मन दुखतं ते मात्र फोटोंपायी. फोन भरला म्हणून आत्याने मध्यंतरी गॅलरीतून व्हॉट्सॲपचे शेकडो फोटो पुसले होते. अँड्रॉइडवर मेसेज डेटाबेसमध्ये असतो आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये. फोटो पुसला तरी चॅटमध्ये त्याची धूसर चौकट राहते. ट्रान्सफरमध्ये ती चौकट येते, फोटो येत नाही, कारण तो जुन्या फोनवरच नव्हता. जुने फोटो व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरूनही पुन्हा उतरत नाहीत. म्हणून हलवण्याआधी महत्त्वाची चॅट उघडून एकदा वर सरकवून बघा. जे जुन्या फोनवर धूसर आहे, ते नव्यावरही धूसरच असणार.

Export chat नावाचा पर्याय काहींना तिसरी वाट वाटतो. त्यातून मेसेजची एक साधी मजकुराची फाइल निघते, सोबत हवं तर फोटो. ती वाचता येते, छापता येते, पण व्हॉट्सॲपमध्ये परत घालता येत नाही. टेलिग्रामवाल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही, त्यांचे चॅट सर्व्हरवर असल्याने लॉगिन केलं की दिसतात. फक्त सीक्रेट चॅट ज्या फोनवर सुरू झालं त्याच फोनवर राहतं.

मी आत्याकडे एक काम सगळ्यात आधी केलं होतं, ते सांगायचं राहिलं. फोन केबलने लॅपटॉपला लावून WhatsApp Voice Notes हा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घेतला. आवाजातले मेसेज तिथे सुट्या फाइल म्हणून पडलेले असतात, नावातच तारीख असते:

```
PTT-20210314-WA0007.opus
```

लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये त्या वाजतात. ट्रान्सफर फसलं असतं तरी आवाज हातात राहिला असता.

ट्रान्सफर झालं. पण नव्या फोनवर आयक्लाउडचा बॅकअप तेव्हा शून्य होता, कारण आलेलं सामान फक्त त्या एका फोनवर असतं. बॅकअप आपण पहिल्यांदा घेऊ तेव्हाच तयार होतो. आयक्लाउड फुकट मिळतं 5 जीबी आणि आत्याचे चॅट नऊ. महिना 75 रुपयांत 50 जीबी मिळतात, ते घेतले. ज्यांना घ्यायचे नसतील त्यांनी Chat Backup मध्ये Include Videos बंद ठेवावं, आवाज आणि फोटो बऱ्याचदा तेवढ्यात बसतात. Back Up Now दाबून पट्टी पुढे सरकताना आत्या चष्मा लावून काकांचं चॅट वर वर सरकवत होती. मेथीचा मेसेज सापडला तसा तिने फोन कानाला लावला. जुना फोन अजून तिच्या कपाटात आहे, चार्ज केलेला.