‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ आणि टेस्टोस्टेरॉनचा एक रिपोर्ट

स्त्रियांमध्ये पन्नाशीच्या आगेमागे बीजकोशातला स्त्रीबीजांचा साठा संपत येतो आणि इस्ट्रोजेन काही वर्षांतच तळाला जाते. हे प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत घडते. पुरुषांमध्ये असे काही घडत नाही. वृषणांचे काम चालूच राहते, शुक्राणूही बनत राहतात. टेस्टोस्टेरॉन चाळिशीनंतर उतरते खरे, पण फार हळू, साधारण वर्षाला एक टक्का किंवा त्याहून कमी. निरोगी राहिलेल्या कितीतरी पुरुषांची पातळी सत्तरीतही तरुणांच्या मर्यादेत असते. त्यामुळे ‘पुरुषांची रजोनिवृत्ती’ असा काही सार्वत्रिक टप्पा नाही. वयानुसार टेस्टोस्टेरॉनची खरी कमतरता होऊ शकते, पण ती थोड्यांनाच होते.

किती थोड्यांना, हे एका मोठ्या युरोपीय अभ्यासाने २०१० मध्ये दाखवले. आठ केंद्रांमधल्या ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांना थकवा, मनःस्थिती, ताकद, लैंगिक जीवन अशा अनेक गोष्टी विचारल्या आणि सकाळी रक्त तपासले. कमी टेस्टोस्टेरॉनबरोबर एकत्रितपणे जुळली ती तीनच लक्षणे: कामेच्छा घटणे, संभोगाच्या वेळी ताठरता न येणे आणि पहाटे आपोआप येणारी ताठरता कमी होणे. ही तिन्ही लक्षणे आणि रक्तातली कमतरता एकत्र असलेले पुरुष सुमारे दोन टक्केच निघाले. थकवा, चिडचिड, उदासी मात्र पातळी चांगली असणाऱ्यांमध्येही भरपूर होती. टेस्टोस्टेरॉन उपचारांच्या जाहिरातींमधल्या प्रश्नावल्या नेमक्या याच लक्षणांवर भर देतात, म्हणून पन्नाशीतला जवळजवळ कोणीही त्यांत ‘बसतो’.

गोंधळ कसा होतो, ते एका काल्पनिक रिपोर्टवरून पाहू. वय ५२, पोट सुटलेले, दिवसभर थकवा, रात्री जोरात घोरणे. दुपारी जेवणानंतर चार वाजता रक्त दिले. एकूण टेस्टोस्टेरॉन २५५ नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर आले. अनेक मार्गदर्शक तत्त्वे ३०० ही, किंवा तिच्या जवळपासची, खालची मर्यादा मानतात. म्हणजे आकडा कमी आहे आणि इथेच इंजेक्शनची चिठ्ठी लिहिली जाण्याची शक्यता असते.

पण टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरते. शिवाय साखर पोटात गेली की ते काही तासांसाठी सुमारे २५ टक्के खाली येऊ शकते. म्हणून तपासणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करायची. ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना करायचीच नाही. याच माणसाने सकाळी आठला उपाशीपोटी रक्त दिले तेव्हा ३४५ आले, दुसऱ्या खेपेलाही तेवढेच.

तरीही ३४५ काठावरच आहे. म्हणून एसएचबीजी हे प्रथिन मोजले. टेस्टोस्टेरॉनचा बराच भाग या प्रथिनाला घट्ट चिकटलेला असतो आणि उरलेल्यातला अगदी थोडा मोकळा फिरतो. लठ्ठपणात एसएचबीजी घटते, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो, पण मोकळे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असू शकते. (वय वाढते तसे एसएचबीजी वाढते, तेव्हा उलट फसगत होते.) इथे एसएचबीजी १८ नॅनोमोल प्रति लिटर निघाले. त्यावरून गणिताने काढलेले मोकळे टेस्टोस्टेरॉन ९४ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास येते, आणि त्या युरोपीय अभ्यासातली मर्यादा होती सुमारे ६४. कामेच्छा आणि पहाटेची ताठरताही शाबूत आहे. मग ही हार्मोनची कमतरता नव्हे. शोध घ्यायचा तो झोपेत श्वास अडखळण्याचा, मधुमेहाचा, थायरॉइडचा आणि नैराश्याचा. वजन उतरले की एकूण आकडाही बहुधा वर येतो.

दोन्ही सकाळचे आकडे खरोखर कमी आले असते, तर एलएच, म्हणजे वृषणांना कामाचा इशारा देणारे पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन, पाहायचे. ते वाढलेले असेल तर दोष वृषणांत आहे. कमी किंवा साधारण असेल तर कारण वर आहे, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी, लठ्ठपणा, अफूजन्य वेदनाशामके किंवा स्टिरॉइड यांत शोधायचे.

उपचाराकडून अपेक्षाही मापातच ठेवायला हवी. ६५ वर्षांवरील, पातळी कमी असलेल्या ७९० पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉनचे जेल किंवा औषध नसलेले नुसते दिखाऊ जेल दिलेल्या अमेरिकी चाचण्यांचे पहिले निकाल २०१६ मध्ये आले. लैंगिक जीवनात मध्यम सुधारणा झाली, थकव्यात ठोस फरक पडला नाही. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या २०२३ च्या चाचणीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाची लय बिघडणे आणि फुप्फुसात गुठळी जाणे थोडे अधिक दिसले. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू वृषणांना इशारा देणे थांबवतो आणि शुक्राणू घटतात, कधी शून्यावरही येतात. मूल हवे असलेल्याने म्हणूनच ते घेऊ नये. रक्तही घट्ट होते, त्यामुळे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले लाल पेशींचे प्रमाण, तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासावे लागते. ते ५४ टक्क्यांवर गेले तर औषध थांबवून कारण शोधायचे आणि हिमॅटोक्रिट खाली आल्यावरच कमी मात्रेने पुन्हा सुरू करायचे.