‘अस्खलित’ या शब्दाचा घोळ आणि बोलण्याच्या परीक्षेतली दुरुस्ती : पार्श्वभूमी

इंग्रजीच्या बोलण्याच्या परीक्षेत चूक लक्षात आली तर ती दुरुस्त करावी की तशीच सोडून पुढे जावं, हा प्रश्न परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. क्लासमध्ये याची दोन उलटी उत्तरं मिळतात आणि दोन्ही खात्रीनं दिली जातात. यात कुणी मुद्दाम चुकीचं सांगत नाही. मोजमापाच्या पट्ट्या ज्या क्रमानं घडत गेल्या, त्यातच हा गोंधळ आहे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९५०च्या दशकात अमेरिकेत राजनैतिक अधिकाऱ्यांचं परभाषेतलं बोलणं तपासण्यासाठी मुलाखतीची पद्धत तयार झाली. तिच्या गुणतक्त्यात व्याकरणाला जास्तीत जास्त ३६ आणि ओघाला १२ गुण होते. त्या काळच्या शिकवण्यातही चूक म्हणजे वाईट सवयीची सुरुवात समजली जाई आणि ती तोंडातून निघूच नये यावर सगळा भर असे. १९७०च्या दशकात वारं फिरलं. वर्गातलं काही काम शुद्धतेसाठी आणि काही निव्वळ बोलतं होण्यासाठी, अशी विभागणी पुढच्या दहाएक वर्षांत रूढ झाली. दुसऱ्या प्रकारच्या कामात शिक्षकानं मध्येच चूक दाखवायची नाही, हा संकेतही तेव्हाचाच.

मराठीत इथेच एक शब्द आडवा आला. ‘फ्लुअन्सी’ला आपण सरसकट ‘अस्खलित’ म्हणतो. स्खलन म्हणजे घसरणं, ठेचकाळणं. अस्खलित म्हणजे जे एकदाही ठेचकाळत नाही ते. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ मात्र नुसता ‘वाहणं’ असा आहे. ‘ओघवतं’ हा आपल्याकडचा शब्द त्याला कितीतरी जवळचा होता. पण आपल्या कानाला वक्तृत्व स्पर्धेचं वळण आहे. तिथे भाषण पाठ केलेलं असतं आणि अडखळणं म्हणजे विसरणं असतं, त्यामुळे अडखळलं की गुण जाणं रास्तच आहे. उत्स्फूर्त बोलण्याला तोच निकष लावला की अन्याय सुरू होतो. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली मुलं परीक्षकासमोर साध्या प्रश्नालाही पाठ केलेला परिच्छेद म्हणू लागतात ती यामुळेच, असं मला शिकवताना वारंवार दिसलं आहे.

खरं बोलणं कसं असतं, याचा अभ्यास १९५०च्या दशकाच्या शेवटी ध्वनिमुद्रणावरून सुरू झाला. भरलेले विराम (‘अं’, ‘म्हणजे’), रिकामे विराम, पुनरुक्ती आणि अर्ध्यात सोडलेली सुरुवात अशी वर्गवारी झाली. मोजणाऱ्यांनी पाव सेकंदाच्या आतली शांतता सोडून द्यायला सुरुवात केली, कारण तेवढी फट उच्चारातच पडते. १९७०च्या दशकात संभाषणाच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली: माणसं स्वतःची चूक स्वतःच आणि बहुधा त्याच वाक्यात सुधारतात, आणि ऐकणाराही त्यांना ती संधी देतो. मराठीत तर त्यासाठी खास शब्द आहे. ‘मंगळवारी, आपलं, बुधवारी ये’ या वाक्यातलं ‘आपलं’ ऐकलं की आधीचा वार पुसायचा, हे ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. ज्या भाषेनं दुरुस्तीसाठी असा शब्द राखून ठेवला आहे, तिथे दुरुस्तीला दोष कसं म्हणायचं?

परीक्षेच्या पट्टीत मात्र ती दोष म्हणून आली, आणि याला कारण झालेला निर्णय २००१ सालचा आहे. १९८९मध्ये सुरू झालेल्या आयईएलटीएसमध्ये बोलण्यासाठी आधी एकच समग्र पट्टी होती. परीक्षक सगळं ऐकून एक बँड, म्हणजे नऊपर्यंतची एक श्रेणी, देई. २००१मध्ये तिचे चार स्वतंत्र, समान वजनाचे निकष झाले: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरणाचा आवाका व अचूकता, आणि उच्चार. नेमकेपणासाठी हे चांगलंच झालं. पण एकाच घटनेची नोंद आता दोन रकान्यांत पडू शकते.

समजा, उमेदवार मामाच्या घराविषयी बोलतो आहे: ‘लास्ट इयर आय गो... आय वेन्ट टु माय अंकल्स हाउस.’ त्यानं ‘गो’ तसंच सोडलं असतं तर अचूकतेच्या रकान्यात एक चूक लागली असती. त्यानं ते सुधारलं, तेव्हा ओघाच्या रकान्यात एक दुरुस्ती जमा झाली. पुढे तो म्हणतो: ‘ही बॉट, नो, ही बिल्ट इट हिमसेल्फ.’ ही दुरुस्ती व्याकरणाची नाही, माहितीची आहे. मामानं घर विकत घेतलं नव्हतं, बांधलं होतं. पट्टीच्या वर्णनात विरामांसाठी हा भेद स्पष्ट केला आहे: आशयासाठी थांबणं नवव्या बँडलाही चालतं, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी थांबणं चालत नाही. दुरुस्तीसाठी तसा स्पष्ट भेद केलेला नाही. तिथे मुख्यतः प्रमाण आणि परिणाम आहे. नवव्या आणि आठव्या बँडला ‘अगदी क्वचित’, सातव्याला ‘थोडीफार’. सहाव्याला तिच्यामुळे सुसंगती कधीकधी सुटते आणि पाचव्याला उमेदवार बोलणं चालू ठेवण्यासाठीच तिचा आधार घेतो.

माझ्या मते खरी चूक इथेच झाली. विरामाला दिलेला न्याय दुरुस्तीलाही द्यायला हवा होता. गंमत म्हणजे युरोपची भाषाक्षमतेची सामाईक चौकटही त्याच २००१ सालची, आणि तिच्यात लक्षात आलेली चूक सुधारता येणं ही सहा पातळ्यांतल्या चौथ्या, बी-टू पातळीची क्षमता म्हणून वेगळी नोंदवली आहे. त्याच चौकटीत ओघाच्या पट्टीवर मात्र दुरुस्तीसाठी ठळकपणे थांबणं हे त्याखालच्या बी-वन पातळीचं लक्षण ठरतं. क्लासमधली दोन उलटी उत्तरं या दोन वाचनांतून आली आहेत.

प्रत्यक्षात परीक्षक दुरुस्त्या मोजत नाही. अकरा ते चौदा मिनिटांच्या संवादात त्याच्यासमोर उमेदवाराच्या बोलण्याची लिखित प्रत नसते, घड्याळावर पाव सेकंद दिसत नाही. विराम कुठे पडला, हे मात्र त्याच्या कानाला जाणवतं. ‘आय लाइक दॅट हाउस,’ इथे थांबून ‘बिकॉज इट हॅज अ वेल’ म्हटलं तर तो विचार वाटतो. ‘इट हॅज अ...’ म्हणून थांबलं तर शब्द सापडत नाही असं वाटतं, मग विराम तेवढ्याच लांबीचा का असेना. पुढच्या संशोधनातही हेच दिसलं: मातृभाषेत बोलणारे बहुतेक उपवाक्याच्या सीमेवर थांबतात, परभाषेत बोलणारे त्याच्या पोटात जास्त थांबतात. ही कसोटीही पूर्ण निर्दोष नाही, कारण मातृभाषेतच सावकाश, थांबत बोलणारा माणूस परभाषेतही तीच सवय घेऊन जातो.

पालुपदांचंही असंच. मराठी माणूस इंग्रजी बोलताना ‘म्हणजे’च्या जागी ‘मीन्स’ घालतो: ‘माय अंकल, मीन्स, ही इज अ फार्मर.’ मराठीत ‘म्हणजे’ वाक्य पुढे नेतं आणि खटकत नाही. इंग्रजी कानाला ‘मीन्स’ हे कर्ता हरवलेलं क्रियापद वाटतं. म्हणून ते ओघात भर घालण्याऐवजी व्याकरणाची चूक म्हणून ऐकू येऊ शकतं. तिथे ‘आय मीन’ म्हटलं तर तोच विराम तेवढाच वेळ भरतो आणि चूक वाटत नाही. ‘आपलं’चं काम तिथे ‘सॉरी’ किंवा ‘आय मीन’ करतं. मामाच्या घराचं वाक्य ‘ही बॉट, सॉरी, बिल्ट इट’ असं आलं, तर ऐकणाऱ्याला कुठला शब्द पुसायचा ते लगेच कळतं आणि वाक्य मागे न जाता तिथूनच पुढे सरकतं.