पाकळ्या उठल्या, पानं तशीच राहिली

सोलापुरात गड्ड्याची यात्रा संपून आठवडाही झाला नव्हता. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणारी एक मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात आली. खरं तर आईनंच तिला ओढून आणलं होतं. मुलीनं तीन दिवसांपूर्वी डाव्या हातावर, मनगटाच्या वर, टॅटू काढून घेतला होता. तांबडा गुलाब, दोन हिरवी पानं आणि खाली काळ्या अक्षरांत 'आई'. आईनं पिशवीतून एक पांढरा टॉवेल काढून टेबलावर पसरला. त्यावर काळे आणि तांबूस डाग होते, कडेनं पिवळट पाण्याची वाळलेली रेघ होती.

"रात्रभर पाणी सुटतंय, रंग सगळा वाहून चाललाय की ओ. आमच्या गोंदणाला कधी असलं काय झालं नाही."

मी आधी टॉवेल नाकाजवळ नेला. वास नव्हता. मग माझ्या हाताची मागची बाजू टॅटूवर आणि नंतर शेजारच्या कातडीवर टेकवली. टॅटूची जागा थोडी गरम होती, पण ऊब टॅटूच्या कडेपाशीच संपत होती. मुलीला विचारलं, "कालच्यापेक्षा आज जास्त दुखतंय की कमी?" ती म्हणाली, "कमी. खाज मात्र सुटलीय." तिचा टॅटू अगदी व्यवस्थित भरत होता.

टॅटूची सुई सेकंदाला पन्नास-शंभर वेळा कातडीत शिरते आणि साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल रंग सोडते. म्हणजे टॅटू ही हजारो बारीक छिद्रांची जखमच असते. पहिले दोन-तीन दिवस या छिद्रांतून रक्तातलं पातळ, फिकट पिवळं पाणी झिरपतं आणि वरच्या थरात सांडलेला जास्तीचा रंग सोबत घेऊन येतं. टॉवेलवरचे डाग ते होते. सूज आणि लाली दोन-तीन दिवस राहते. घोट्याजवळचा टॅटू असेल तर आठवडाभरही राहू शकते, कारण तिथलं पाणी वर चढायला वेळ लागतो. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पातळ पापुद्रे सुटतात. त्यांतही रंग असतो, त्यामुळे माणूस घाबरतो. पण तो वरच्या थरातला रंग, तो जाणारच असतो. दोन ते चार आठवड्यांत वरची कातडी बंद होते. तिच्यावर काही दिवस पांढुरकी चकाकी दिसते. आतलं काम त्यानंतरही दोन-तीन महिने चालू राहतं.

जो रंग उरतो, तो उरतो कसा, हे मला फार विलक्षण वाटतं. कातडीच्या आतल्या थरात मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी असतात. परका कण दिसला की त्या गिळतात. रंगाचे कण त्यांना पचत नाहीत, म्हणून त्या ते पोटात धरून बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिलं की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि नवी पेशी तोच रंग पुन्हा गिळते. टॅटू जागेवर टिकतो तो या हस्तांतरामुळे. पण याचाच दुसरा अर्थ असा की आपली प्रतिकारशक्ती त्या रंगावर आयुष्यभर हात ठेवून असते, आणि तिनं कधीतरी मत बदललं तर रंग काढून टाकायला सोपी वाट नसते.

त्या दिवशी मी मुलीला साबणानं दिवसातून दोनदा हलक्या हातानं धुवायला, साधं पेट्रोलियम जेली पातळ लावायला आणि पापुद्रे न ओढायला सांगितलं. आईला दोन गोष्टी बघायला सांगितल्या: त्रास कितव्या दिवशी सुरू होतो आणि तो कुठल्या रेषेपाशी थांबतो.

जंतूंचा त्रास बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर उलटा चालू लागतो. म्हणजे दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. फिकट पाणी थांबलेलं असतं आणि त्याजागी दाट, पिवळा-हिरवट पू येतो, त्याला वास असतो. मुख्य म्हणजे लाली टॅटूची हद्द ओलांडते. स्टॅफिलोकोकस किंवा स्ट्रेप्टोकोकस या जंतूंना गुलाब कुठे संपला आणि पान कुठे सुरू झालं याच्याशी देणंघेणं नसतं. काळं, तांबडं, हिरवं, शेजारची कोरी कातडी, सगळीकडे ते सारखेच पसरतात. घरी हे पाहायची एक खात्रीची रीत आहे: लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढायची आणि शेजारी वेळ लिहायची. काही तासांनी लाली रेघेपलीकडे गेली असेल तर दवाखाना गाठायचा. ताप, थंडी वाजणं, किंवा टॅटूपासून काखेकडे चढणारी लाल रेघ दिसली तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच जावं. मधुमेह असेल तर आणखी लवकर.

एप्रिलमध्ये ती मुलगी पुन्हा आली, या वेळी एकटीच. टॅटू सुरेख भरला होता. काळी अक्षरं कातडीशी सपाट होती, पानं सपाट होती. गुलाब मात्र उठला होता. मी डोळे मिटून बोट फिरवलं, तरी पाकळी न् पाकळी मोजता आली असती. पाकळी संपली की उंचवटा संपत होता, इतकी काटेकोर सीमा. पू नाही, ताप नाही, दुखणं नाही. खाज मात्र इतकी की कारखान्यात मशीन थांबवून ती हात खाजवत होती. "उन्हातून आलं की जास्त होतं, मॅडम," ती म्हणाली.

रंगाची ॲलर्जी अशी दिसते, आणि तांबड्या रंगात ती सगळ्यांत जास्त आढळते. उशीर का होतो? ही ॲलर्जी रक्तातल्या टी पेशींच्या ओळखीवर चालते. त्या पेशींना आधी तो पदार्थ 'परका' म्हणून शिकावा लागतो. त्याला आठवडे लागतात, महिने लागतात, कधी वर्षंही. त्यामुळे जुना, नीट बसलेला टॅटूही एके दिवशी उठतो.

पूर्वी तांबड्या रंगासाठी हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड वापरत आणि दोष पाऱ्यावर जाई. आता तांबड्यात बहुतेक ॲझो जातीची रंगद्रव्यं असतात. ॲझो रंग सोलापूरला नवे नाहीत, कापडाच्या धंद्यात हे घराणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पण टॅटूतली बरीच रंगद्रव्यं मुळात प्लॅस्टिक, छपाई आणि गाड्यांच्या रंगासाठी तयार झालेली आहेत, कातडीत कायमची ठेवण्यासाठी नव्हेत. अतिनील किरणांनी त्यांतली काही तुटतात आणि लहान, जास्त चळवळे तुकडे तयार होतात. असे तुकडे कातडीतल्या प्रथिनांना चिकटतात, आणि टी पेशींना बहुधा ते जोडपं खटकतं. पिवळ्या रंगात कॅडमियम सल्फाइड असेल तर नुसत्या उन्हानंच तो भाग फुगतो. हिरव्यात क्रोमियम आणि निळ्यात कोबाल्ट असेल तर तेही कुणाकुणाला सोसत नाहीत, पण तांबड्याइतकं ते प्रमाण नसतं.

आईच्या गोंदणाला काही झालं नाही, त्याचं एक कारण इथे आहे. गोंदणात काजळी असायची, काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बनची ॲलर्जी क्वचितच होते. गोंदणाच्या सुईनं जंतू किती जणींना दिले असतील, ते वेगळं. काळा टॅटू कधी उठतो तो रंगाचे कण गोळा होऊन गाठी झाल्या तर, किंवा व्रणाची कातडी जास्त वाढली तर. अशी वाढलेली कातडी गुळगुळीत आणि घट्ट लागते, सुईच्या रेषांवर सगळ्या रंगांत सारखी उठते, कधी रेषेच्या बाहेरही जाते.

एकाच रंगात उठलं तर ॲलर्जी, आता या नियमाचा अपवाद, कारण इथे मी स्वतः एकदा फसले आहे. एका तरुणाच्या दंडावरच्या चित्रात फक्त राखाडी छटेच्या भागात तांबडे पुरळ उठले होते, टॅटूनंतर साधारण दोन आठवड्यांनी. एकाच रंगात आहे म्हणून मी ॲलर्जी धरली आणि स्टेरॉइडचं मलम दिलं. आठ दिवस बरं वाटलं, मग पुरळ वाढून त्यांत पू धरला. तुकडा तपासायला पाठवला तेव्हा क्षयाच्या जंतूंच्या भाऊबंदांपैकी एक निघाला. हे जंतू पाण्यात राहतात, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात टिकतात आणि क्लोरीनला दाद देत नाहीत. राखाडी छटा काळ्या शाईत पाणी घालून करतात. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, बॅरलमध्ये साठवलेलं पाणी सर्रास वापरलं जातं. पण उकळून थंड केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीही निर्जंतुक असतंच असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११-१२ मध्ये १९ जणांना असाच संसर्ग झाला. माग काढल्यावर तो बाटलीबंद राखाडी शाईपर्यंत पोचला. म्हणजे दुकान स्वच्छ असूनही जंतू शाईतच होते. याला साधी प्रतिजैविकं पुरत नाहीत, ठरावीक औषधं काही महिने घ्यावी लागतात.

म्हणून मेडिकलमधून मिळणाऱ्या 'सगळ्यावर चालणाऱ्या' ट्यूबचा मला राग येतो. तिच्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध एकत्र असतं. लाली दबते, आत जंतू वाढत राहतात, आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर मूळ चित्र पुसलं गेलेलं असतं. तिच्यातल्या निओमायसिन या प्रतिजैविकाची स्वतःची ॲलर्जी होते ती निराळीच. तेव्हा पुरळ मलम लावलेल्या सगळ्या भागावर येतं, रंग कुठलाही असो.

माझ्याच चुकीवरून शिकून मी गुलाबाच्या मुलीच्या एका पाकळीचा तीन मिलिमीटरचा तुकडा आधी तपासायला पाठवला. जंतू नव्हते. टी पेशींची गर्दी होती आणि त्यांच्यामध्ये तांबडे कण. पाठीवर पट्टी लावून करतात ती ॲलर्जीची चाचणी मी केली नाही, कारण टॅटूच्या ॲलर्जीत ती बऱ्याचदा नकारात्मक येते.

"लेझरनं काढून टाका ना," ती म्हणाली. मी नाही म्हटलं. ॲलर्जी असलेला रंग लेझरनं फोडला की त्याचे बारीक तुकडे अंगभर जातात आणि सगळ्या शरीराची प्रतिक्रिया उठू शकते. महिनाभर जोरकस स्टेरॉइड मलम दिलं, खाज निम्मी झाली. मग दर पाच आठवड्यांनी पाकळ्यांमध्ये ट्रायॲम्सिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, तीन वेळा. रंग आत आहे तोवर त्रास परत येऊ शकतो, हे तिला स्पष्ट सांगितलं. तसं झालं तर उठलेला थर शस्त्रक्रियेनं तासून काढणं हा पुढचा उपाय, पण त्याचा व्रण राहतो.

दिवाळीच्या आधी ती आली तेव्हा चार पाकळ्या सपाट झाल्या होत्या, पाचवी अजून बोटाला लागत होती. बाही मनगटापर्यंत होती. आई बरोबर होती. दुसऱ्या हातावर भावाचं नाव तांबड्यात काढून घ्यायचा बेत मुलीनं मोडला होता, आता काळ्यात चालेल का हे विचारायला आली होती. मी म्हटलं, काळ्यात धोका कमी आहे, पण आधी ही पाचवी पाकळी बसू दे. आणि त्या माणसाला शाईच्या बाटलीचं सील तुझ्यासमोर फोडायला सांग. छटा करायची असेल तर पाणी निर्जंतुक सीलबंद, इंजेक्शनसाठी मिळतं तेच हवं.